शाळेच्या स्नेहसंमेलनाला मोठ्या साहेबांना बोलवायचंय? पत्र कसं लिहायचं, कुणामार्फत पाठवायचं आणि कार्ड कधी छापायचं

दिवाळीची सुट्टी संपली की जिल्ह्यातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची चर्चा सुरू होते. नाच कोणते बसवायचे, मंडप कुणाकडून घ्यायचा, वर्गणी किती काढायची हे ठरतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "यंदा मोठ्या साहेबांना बोलवू." साहेब म्हणजे कुठे जिल्हाधिकारी, कुठे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, कुठे पोलीस अधीक्षक, तर कल्याण-डोंबिवलीकडे महापालिकेचे आयुक्त. गावाची इच्छा चांगली असते. पण पत्र चुकीच्या दारातून गेलं, पत्रात नको ते मिसळलं किंवा साहेबांचा होकार येण्याआधीच कार्ड छापलं, तर नंतर मुख्याध्यापकांना उत्तरं देत बसावं लागतं. म्हणून एक उदाहरण धरून हे पत्र नीट समजून घेऊ.

समजा, मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे, टोकावडे रस्त्याला लागून जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. पहिली ते सातवी, दोनशेच्या आसपास मुलं. शाळा व्यवस्थापन समितीने ठरवलं की जानेवारीच्या मध्यावर होणाऱ्या स्नेहसंमेलनाला ठाणे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीईओ साहेब म्हणतो, ते प्रमुख पाहुणे म्हणून यावेत.

आधी साहेब आपलेच आहेत का ते बघा

ही गोष्ट साधी वाटते, पण ठाणे जिल्ह्यात इथेच गोंधळ होतो, कारण आपल्याकडे एकाच 'ठाणे' नावाची बरीच कार्यालयं आहेत. मुरबाड आणि शहापूरच्या शाळेला पोलीस खात्यातले मोठे अधिकारी बोलवायचे असतील, तर पत्र पोलीस अधीक्षक, ठाणे ग्रामीण यांना जातं. पोलीस आयुक्त, ठाणे शहर यांच्याकडे ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर असा शहरी पट्टा आहे. आयुक्तांच्या नावाने मुरबाडचं पत्र गेलं तर तिथले लोक वाईट बोलणार नाहीत, पण ते पत्र फिरत राहील आणि तुमचे दिवस जातील. प्रांत साहेबांना बोलवायचं असेल तर मुरबाडचे प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, कल्याण. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असेल तर आयुक्त, आणि त्यांचं कार्यालय कल्याण पश्चिमेला शंकरराव चौकात.

आणखी एक. एकाच कार्यक्रमाला 'प्रमुख पाहुणे' म्हणून दोन मोठ्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी पत्र पाठवू नका. "एक नाही आले तर दुसरे येतील" असा हिशोब गावात चालतो, पण ही कार्यालयं रोज एकमेकांशी बोलत असतात. दोघांनीही हो म्हटलं तर व्यासपीठावर कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न तुम्हीच ओढवून घेतलेला असतो. आधी एकाला विचारा, नकार आला की मगच दुसऱ्याला.

'मार्फत' हा एक शब्द

जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक हे जिल्हा परिषदेचेच कर्मचारी. त्यांनी थेट सीईओंना पत्र लिहिणं म्हणजे मधल्या सगळ्या साहेबांना वगळणं. म्हणून पत्र सीईओंच्याच नावाने लिहायचं, पण जातं ते केंद्रप्रमुखांच्या हातून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे आणि मग सीईओंच्या कार्यालयात. पत्त्याच्या खाली '(मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, मुरबाड)' ही एक ओळ टाकली की हा रस्ता कागदावर येतो.

यात वेळ जातो हे खरं आहे. त्यावर रूढ उपाय असा की मूळ पत्र मार्फत पाठवायचं आणि त्याचीच एक प्रत 'आगाऊ प्रत माहितीस्तव सविनय सादर' असं वर लिहून सीईओंच्या कार्यालयात आवक खिडकीला द्यायची. त्यामुळे साहेबांच्या कार्यालयाला तारीख आधी कळते आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही आपल्याला डावललं असं वाटत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकदा तोंडी सांगून ठेवलेलंही बरं. सीईओ गावात येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी फोन त्यांनाच येणार असतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनाही हजर राहावं लागणार असतं.

खाजगी संस्थेच्या शाळेचं वेगळं असतं. तिथे निमंत्रण संस्थेचं असतं, म्हणून लेटरहेड संस्थेचं, सही अध्यक्षांची किंवा सचिवांची, आणि सोबत मुख्याध्यापकांची. डोंबिवलीतल्या एखाद्या संस्थेने आयुक्तांना पत्र लिहिताना मार्फतची गरज नाही. महापालिकेची स्वतःची शाळा असेल तर मात्र पत्र तिच्या शिक्षण विभागातूनच वर जायला हवं.

पत्र आधी कोण वाचतं

पत्र साहेबांना लिहिलेलं असतं, पण ते आधी वाचतात साहेबांचे स्वीय सहायक, म्हणजे पीए. त्यांच्यासमोर साहेबांची दैनंदिनी उघडी असते. त्यांना चार-पाच गोष्टी हव्या असतात: कार्यक्रम काय, दिवस आणि वार कोणता, वेळ किती ते किती, गाव कुठे आणि पोचायला किती वेळ, व्यासपीठावर आणखी कोण, आणि फोन कुणाला करायचा. पत्रात हे सगळं पहिल्या अर्ध्या पानात सापडलं नाही, तर पत्र बाजूला पडतं. "ज्ञानरूपी दिव्याच्या प्रकाशात" वगैरे दोन परिच्छेद लिहिणाऱ्या शाळा आहेत. भाषा सुंदर असते, पण तारीख शोधायला दुसरं पान उलटावं लागतं.

मराठीत लिहायला संकोच नको. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. अधिकारी दुसऱ्या राज्यातले असले तरी त्यांच्याकडे रोजच्या फायली मराठीतच येतात.

आता आपल्या उदाहरणातलं पत्र. जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, तिथे आपापलं भरायचं.

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ..........
केंद्र : ..........., ता. मुरबाड, जि. ठाणे
जा. क्र. ......... / २०...          दिनांक : ..........

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, ठाणे.
(मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, मुरबाड)

विषय : शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलन व बक्षीस वितरण कार्यक्रमास प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहणेबाबत.

संदर्भ : शाळा व्यवस्थापन समिती सभा दिनांक .........., ठराव क्र. ......

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन व बक्षीस वितरण शुक्रवार, दिनांक .......... रोजी सकाळी ११.०० ते दुपारी १२.३० या वेळेत शाळेच्या पटांगणात आयोजित करण्याचे योजिले आहे. सदर कार्यक्रमास आपण प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

शाळेत इयत्ता पहिली ते सातवीचे ..... विद्यार्थी असून कार्यक्रमास सुमारे ..... पालक व ग्रामस्थ उपस्थित राहतील. आपल्या हस्ते ..... विद्यार्थ्यांना बक्षिसे देण्यात येतील व त्यानंतर आपले मनोगत अपेक्षित आहे. कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भूषवतील. आपल्या उपस्थितीचा कालावधी अंदाजे एक तास राहील.

वरील दिनांक आपल्या सोयीचा नसल्यास दिनांक .......... रोजी याच वेळेत कार्यक्रम घेता येईल. आपल्या सोयीचा दिनांक व वेळ कळविण्यास विनंती आहे.

शाळा कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गावर सरळगावपासून सुमारे ..... कि. मी. अंतरावर आहे. समन्वयासाठी श्री. / श्रीमती .........., सहशिक्षक, भ्रमणध्वनी ...........

आपला / आपली विश्वासू,
(सही)                              (सही)
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती        मुख्याध्यापक

सोबत : कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा (छपाईपूर्व).

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, ठाणे.
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, मुरबाड.

या पत्रातल्या काही ओळी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.

पत्ता पदाला आहे, नावाला नाही. बदल्या कधीही होतात. पत्र निघताना एक साहेब आणि पोचताना दुसरे, असं होऊ शकतं. पदाच्या नावाने लिहिलेलं पत्र नव्या साहेबांनाही चालतं. नाव घालायचंच असेल तर जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात तपासून घाला. नावापुढे 'भा.प्र.से.' लावायचं ते तिथे तसं लिहिलेलं असेल तरच. सगळेच मोठे अधिकारी त्या सेवेतले नसतात. महिला अधिकारी असतील तर 'श्रीमती' आणि 'महोदया'. गावाकडे अजूनही 'मा. श्री. ... मॅडम' असं छापलेलं दिसतं, ते वाचायला बरं वाटत नाही. आणि 'साहेब' हा शब्द बोलताना ठीक आहे; पत्त्यात 'मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब' लिहायची गरज नाही. 'मा.' मध्ये मान आलेला आहे.

'प्रमुख पाहुणे म्हणून', 'सत्कारासाठी' नाही. हा फरक शब्दांचा वाटतो, पण तो नियमाचा आहे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठीचे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९, दोन्हीकडे अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ भरवलेल्या जाहीर सभेला परवानगीशिवाय जाण्यावर आणि भेटवस्तू घेण्यावर बंधनं आहेत. "आपला भव्य नागरी सत्कार करण्याचे योजिले आहे" असं तुम्ही प्रेमाने लिहिता, आणि त्याच ओळीमुळे साहेबांना नकार द्यावा लागतो. कार्यक्रम मुलांचा आहे, साहेब त्यात पाहुणे आहेत, एवढंच पत्रात दिसलं पाहिजे. स्वागताला गुलाबाचं फूल, एखादं पुस्तक किंवा मुलांनी केलेलं चित्र पुरे. चांदीची मूर्ती, मोठं घड्याळ, महागडी भेट नको. काही अधिकारी ती स्टेजवरच परत करतात आणि मग सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

वेळ 'किती ते किती' अशी दिली आहे. नुसतं 'सकाळी ११ वाजता' लिहिलं तर पीएंना दिवस आखता येत नाही. ठाण्याहून सरळगावपर्यंत यायला दोन तास तरी धरावे लागतात, आणि कल्याण-शहाडला गाड्या अडकल्या तर त्याहून जास्त. म्हणजे एका तासाच्या कार्यक्रमासाठी साहेबांचे पाच तास जातात. त्यामुळे ते बहुधा त्याच दिवशी तालुक्यातल्या आणखी दोन-तीन कामांची जोडणी करतात, एखादं आरोग्य केंद्र, एखादी ग्रामपंचायत. सकाळची वेळ त्यासाठी सोयीची पडते. रात्रीचं स्नेहसंमेलन ठेवलंत तर ते यायची शक्यता कमी. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे. तो नियम साहेबांसमोरच मोडला गेला तर ते अधिकच अवघड. बऱ्याच शाळा आता बक्षीस वितरण सकाळी आणि नाच संध्याकाळी असे दोन भाग करतात.

दुसरी तारीख दिली आहे. नुसती एक तारीख दिली की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. दोन दिल्या की पीए दैनंदिनीत जागा शोधतात.

निमंत्रणात मागणी नको

हा मुद्दा थोडा लांबवतो, कारण सगळ्यात जास्त पत्रं इथे बिघडतात.

शाळेला अडचणी असतात. वर्गखोली गळते, शिक्षकाची जागा रिकामी आहे, कुंपण नाही. साहेब येणारच आहेत तर पत्रात तेही लिहून टाकू, असं गावाला वाटतं. मग निमंत्रणाच्या तिसऱ्या परिच्छेदात "तसेच आमच्या शाळेस दोन वर्गखोल्या मंजूर कराव्यात" अशी ओळ येते. कार्यालयात काय होतं ते बघा. आवक विभागात पत्रावर विषय बघून शेरा मारतात. पत्रात मागणी दिसली की ते निमंत्रण राहत नाही, निवेदन होतं आणि बांधकामाच्या किंवा शिक्षण विभागाच्या टेबलावर जातं. पीएंपर्यंत पोचायचं ते पत्र तिकडे अडकतं आणि तारीख निघून जाते. मागणीही धड पोचत नाही, कारण तिला स्वतंत्र क्रमांक मिळालेला नसतो.

दुसरं म्हणजे, ज्यांच्यासमोर आपलं काम प्रलंबित आहे त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवताना अधिकारी आधीच जपून असतात. पत्रात काम दिसलं तर बोलावण्याचा हेतूच बदललेला दिसतो.

मागणी असेल तर ती वेगळ्या पत्राने, वेगळ्या जावक क्रमांकाने, व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून, योग्य मार्गाने आधीच पाठवा. साहेब आले की शाळा बघताना गळकी भिंत त्यांना दिसेलच. तिथे विचारलं तर मुख्याध्यापकांनी म्हणावं, "साहेब, अमुक तारखेला प्रस्ताव पाठवलाय, आवक क्रमांक हा." त्याने काम पुढे सरकायला आधार मिळतो. भाषणात जाहीरपणे मागणी केली तर मात्र साहेब अडचणीत येतात, कारण मंचावरून शब्द द्यायचा की नाही हा प्रश्न पडतो.

उद्घाटन मध्ये घुसवू नका

आपल्या शाळेत समजा सरकारी निधीतून एक नवी वर्गखोली तयार झाली आहे. कुणीतरी म्हणणार, साहेब येतातच तर त्यांच्या हस्ते फीत कापू. इथे थांबा. मुलांचा नाच आणि बक्षिसं हा शाळेचा कार्यक्रम आहे, पण सरकारी पैशातून झालेल्या कामाचं उद्घाटन किंवा लोकार्पण म्हटलं की तो शासकीय कार्यक्रम होतो आणि राजशिष्टाचार लागू पडतो. मग पालकमंत्री, त्या भागाचे खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे पदाधिकारी यांना निमंत्रण, पत्रिकेवर त्यांची नावं आणि त्यांचा योग्य क्रम हे सगळं आलं. आमदारांना न विचारता अधिकाऱ्याच्या हस्ते फीत कापली तर तक्रार येते, प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं, आणि त्याचा जाब अधिकाऱ्याला द्यावा लागतो. म्हणूनच सीईओंचं कार्यालय पत्रिकेचा मसुदा मागतं. त्यात उद्घाटनाची ओळ दिसली की ते थांबतात. उद्घाटन करायचं असेल तर वेगळं करा, आणि त्याची पत्रिका पंचायत समितीमार्फत ठरू द्या.

उद्घाटन नाही, पण गावाला आमदारांनाही बोलवायचं आहे, असंही असतं. काही हरकत नाही, पण मग ते सीईओंच्या पत्रात लिहा. लोकप्रतिनिधी येणार हे अधिकाऱ्याला मंचावर चढल्यावर कळू नये. केंद्र सरकारच्या १९७९ च्या मानक्रमाच्या तक्त्यात खासदारांचं स्थान केंद्रातल्या सचिवांच्याही वर आहे. तो तक्ता समारंभापुरता आहे, रोजच्या कारभारासाठी नाही, असं त्याच्या टिपेतच म्हटलंय. पण त्यातून दिशा कळते: लोकप्रतिनिधी आधी, अधिकारी नंतर. जिल्हा परिषदेत अध्यक्ष निवडून आलेले असतील तर त्यांचं नाव सीईओंच्या वर. मुदत संपून प्रशासकाचा कारभार असेल तर 'प्रशासक' हे पदनामही लिहायचं की नाही ते त्यांच्या कार्यालयाला विचारून घ्या. आमदार येणार असतील तर अनेक शाळा आमदारांना अध्यक्षस्थान देतात आणि अधिकाऱ्याला प्रमुख पाहुणे ठेवतात. त्यात कुणाचाच मान कमी होत नाही.

सरपंचांचं नाव विसरू नका, पण आठ सदस्य, तीन माजी सरपंच आणि दोन पोलीस पाटील अशी नावांची यादी व्यासपीठासाठी पाठवली तर कार्यालय घाबरतं. मंचावर पाच-सहा खुर्च्या पुरतात. बाकी मान्यवरांसाठी समोरची पहिली रांग.

कधी पाठवायचं, कधी छापायचं

कार्यक्रमाच्या आधी निदान एक महिना पत्र निघालं पाहिजे. मार्फतच्या रस्त्याला आठवडा जातो असं धरा. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून शनिवारी ठाण्याला जाऊन हात हलवत परत येऊ नका. तारीख ठरवतानाही काही दिवस टाळा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा वरचे अधिकारी माहिती पुरवण्यात अडकलेले असतात. २५ जानेवारीला मतदार दिन, २६ ला प्रजासत्ताक दिन, त्याच्या आधीचे चार दिवस तयारीत जातात. आणि निवडणूक जाहीर झालेली असेल, आचारसंहिता लागली असेल, तर पत्र पाठवण्याआधी तालुक्याला विचाराच. जिल्हाधिकारी तेव्हा जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. लोकप्रतिनिधींना मंचावर बोलवण्याचाही प्रश्न येतो.

पत्र देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती परत आणायची. ही तुमची पोच. नंतर फोन करताना "साहेब, आमचं पत्र आलं का?" असं विचारण्यापेक्षा "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक" असं सांगितलं तर समोरच्या कारकुनाला शोधायला सोपं पडतं. व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला म्हणजे निमंत्रण दिलं असं होत नाही. ईमेल जरूर करा, पण कागदही पोचवा.

चार-पाच दिवसांनी पीएंना फोन करा. ते बहुतेक म्हणतील, "नोंद घेतलीय, बघू." याचा अर्थ होकार नाही. "हरकत नाही, ठेवा" याचाही अर्थ पक्का होकार नाही. पक्का होकार म्हणजे कार्यालयाचं पत्र किंवा ईमेल, किंवा साहेबांच्या दौरा कार्यक्रमात तुमच्या गावाचं नाव. तोपर्यंत कार्ड छापू नका, फ्लेक्स लावू नका. हे फार वेळा होतं: तोंडी शब्दावर चौकात फ्लेक्स लागतो, फोटो फिरत फिरत साहेबांच्याच मोबाईलवर जातो आणि पीए विचारतात, "परवानगी कुणी दिली?" छपाई थांबवणं शक्यच नसेल तर निदान नावापुढे '(निमंत्रित)' असं छापा, 'उपस्थित राहणार' असं नको. छापण्याआधी नाव आणि पदनामाचा मजकूर पीएंना पाठवून तपासून घ्या. आडनावात एक काना चुकला तरी दोनशे कार्डं वाया जातात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक फोन, त्यात शाळेचं लोकेशन पुन्हा पाठवायचं, गाडी कुठे लावायची ते सांगायचं आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची माहिती दिल्याचं कळवायचं. एवढं झालं की कार्यालयाला तुमची आठवण करून द्यावी लागत नाही.

साहेब आलेच नाहीत तर

अचानक बैठक लागते, मंत्र्यांचा दौरा येतो, आणि सकाळी नऊ वाजता फोन येतो की साहेब येऊ शकत नाहीत, शिक्षणाधिकारी येतील. अशा वेळी गावात नाराजी होते आणि सूत्रसंचालक माईकवर म्हणतो, "सीईओ साहेब येणार होते पण..." ते टाळा. जे आले ते साहेबांचे प्रतिनिधी म्हणून आलेत. त्यांना तीच खुर्ची, तोच मान, तीच बक्षिसं. सूत्रसंचालकाच्या कागदावर नाव आणि पदनाम लगेच बदलून द्या, नाहीतर तो जुनंच नाव वाचतो.

वेळ सांभाळायची तर क्रम आधीच ठरवा: स्वागत, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक पाच मिनिटं, मुलांचे दोन कार्यक्रम, बक्षिसं, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय दोन शब्द, आभार. रीतीप्रमाणे अध्यक्ष शेवटी बोलतात, म्हणून अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की पाहुण्यांना पुढच्या गावी जायचंय. सत्काराची यादी प्रास्ताविकाआधी लांबली की बक्षिसांची मुलं उन्हात बसून राहतात.

कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत आभाराचं एक पत्र, अर्ध्या पानाचं, त्याच मार्गाने. सोबत एक-दोन फोटो. त्यातही मागणी लिहायची नाही. आणि पोच शिक्क्याची प्रत, होकाराचं पत्र, कार्ड, आभारपत्र हे सगळं एका फाईलमध्ये लावून ठेवा. मुख्याध्यापकांची बदली होते, आणि पुढच्या वर्षी नव्या मुख्याध्यापकांना सगळं पहिल्यापासून विचारत फिरावं लागत नाही.